ड्रायव्हरकाकांचं लायसन सात महिन्यांपूर्वीच संपलंय, जबाबदारी कुणाची?

केतकी:
आमच्याकडे चार वर्षांपासून एक ड्रायव्हरकाका आहेत. बाबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, मी नोकरीला आणि आईला गाडी येत नाही, म्हणून ठेवले. माणूस अत्यंत शांत आणि वेळेचा पक्का. चार वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही.

काल विम्याच्या नूतनीकरणासाठी कागद काढले, त्यात त्यांच्या लायसनची झेरॉक्स हाती लागली. कामावर घेताना मीच घेतली होती. तेव्हा फोटो बघितला, नाव बघितलं आणि फाईलला लावली. काल पहिल्यांदा तारीख नीट वाचली. लायसन जून 2005 मध्ये काढलेलं आणि जून 2025 पर्यंतच वैध. म्हणजे सात महिने झाले संपून. काकांना विचारलं तर त्यांचा चेहराच उतरला. त्यांच्याही लक्षात नव्हतं. वीस वर्षांचं लायसन, संपणार कधी हे कुणाच्या डोक्यात राहतं?

या सात महिन्यांत बाबा त्या गाडीत शंभराच्या वर फेऱ्या बसून गेलेत. काही झालं नाही ही देवाची कृपा. पण झालं असतं तर? गाडी माझ्या नावावर आहे. कायदा मला धरतो की काकांना? आणि विमा कंपनी काय म्हणाली असती? कुणाला नक्की माहिती असेल तर सांगा, मला रात्रभर झोप लागलेली नाही.

वाटसरू:
केतकी, एवढं घाबरू नका. थर्ड पार्टी विमा आहे ना? मग ज्याला लागलं त्याला विमा कंपनी पैसे देतेच. लायसन नसलं, संपलेलं असलं, अगदी खोटं असलं तरी कोर्ट कंपनीलाच द्यायला लावतं. माझ्या चुलतभावाच्या बाबतीत हेच झालं. ड्रायव्हरचं लायसन बोगस निघालं, तरी न्यायाधिकरणाने कंपनीलाच भरपाई द्यायला लावली. भावाच्या खिशातून एक पैसा गेला नाही.

जुनं_स्टिअरिंग:
मुळात काकांच्या लायसनवर बॅज आहे का ते बघा. पगारी ड्रायव्हरला साधं लायसन चालत नाही, व्यवसायाचं लागतं. मी 1978 साली लायसन काढलं तेव्हा पगारावर गाडी चालवायची तर त्यावर तशी वेगळी नोंद करून घ्यावी लागायची. माझ्या वडिलांनी ठेवलेल्या ड्रायव्हरच्या लायसनवर ती नोंद होती, मला स्पष्ट आठवतंय. ती नसेल तर तारीख चालू असूनही उपयोग नाही.

दाव्याची_फाईल:
मी बावीस वर्षं मोटार अपघात न्यायाधिकरणात वकिली करते. आधी विमा कंपन्यांच्या बाजूने, आता जास्त करून जखमींच्या बाजूने. वरच्या दोन्ही प्रतिसादांत थोडं खरं आहे, पण ते अर्धवट धरून बसलं तर केतकीचं नुकसान होईल, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बॅजचं. जुनं_स्टिअरिंग, तुमची आठवण अगदी बरोबर आहे. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात पगारी नोकर म्हणून गाडी चालवायला लायसनवर तशी खास नोंद लागायची. 1988 च्या कायद्यात ती अट राहिली नाही. आता खास नोंदीचा प्रश्न येतो तो व्यवसायाच्या वाहनासाठी. पांढऱ्या पाटीची घरची गाडी पगारी माणसाने चालवली म्हणून ती व्यवसायाची होत नाही, त्यामुळे हलक्या मोटार वाहनाचं वैध लायसन पुरतं.

आता खरा मुद्दा. लोक 'खोटं लायसन' आणि 'संपलेलं लायसन' एकाच पिशवीत टाकतात. मालकाच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आश्चर्य वाटेल, पण खोट्या लायसनमध्ये मालक सुटण्याची शक्यता जास्त असते.

कारण असं. विमा कंपनीला हात वर करायचे असतील तर ड्रायव्हरकडे वैध लायसन नव्हतं एवढं दाखवून भागत नाही. मालकाने जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतली नाही, हे तिला सिद्ध करावं लागतं. 2004 च्या स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. त्याच्या आदल्याच वर्षी लेहरू खटल्यात न्यायालयाने म्हटलं होतं की मालकाने लायसन बघितलं, ते दिसायला खरं होतं, आणि माणूस गाडी नीट चालवतो याची खात्री करून घेतली, तर तेवढं पुरे. देशभरातल्या आरटीओंना पत्रं पाठवून खातरजमा करत बसावं अशी मालकाकडून अपेक्षा नाही. 2020 च्या निर्मला कोठारी खटल्यातही हाच विचार आहे, आणि तिथे तर वाद मालकाच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा होता.

म्हणजे बनावट कार्डाने फसलेल्या मालकाकडे कोर्ट सहानुभूतीने बघतं. पण संपलेल्या लायसनमध्ये फसवलं कुणी? तारीख कार्डावरच छापलेली असते. 2020 च्याच बेलीराम खटल्यात हे फार स्पष्टपणे आलं. तिथे अपघातात ड्रायव्हर स्वतःच जखमी झाला होता आणि 1923 च्या कामगार भरपाई कायद्याखाली दावा केला होता. अपघात 1999 चा, लायसन 1996 मध्येच संपलेलं. न्यायालयाचं म्हणणं असं: कामावर घेताना मालकाने लायसन बघितलं असेल, तर ते कधी संपतं हेही त्याला कळलेलंच आहे. पुढे त्याचं नूतनीकरण झालं की नाही हे बघण्याची जबाबदारी तो झटकू शकत नाही. विमा कंपनी सुटली, भरपाई मालकावर आली.

केतकी, तुझ्या फाईलमधली ती झेरॉक्स दोन्ही बाजूंनी बोलते. तू लायसन बघितलं होतंस हे ती सांगते, आणि तारीख तुझ्या घरात होती हेही तीच सांगते.

केतकी:
वकीलताई, वाचून पोटात गोळा आला. मी चार वर्षं ती झेरॉक्स म्हणजे माझी ढाल समजत होते.

वाटसरू म्हणतात तसं कंपनीने पैसे दिले असते का मग? की ते सगळं माझ्यावरच आलं असतं?

दाव्याची_फाईल:
वाटसरूंच्या भावाच्या प्रकरणात लायसन बनावट होतं, त्यामुळे कंपनीवरच बोजा राहिला असेल हे पटण्यासारखं आहे. तुझ्या बाबतीत बहुधा वेगळा आदेश झाला असता. आमच्याकडे त्याला 'आधी द्या, मग वसूल करा' म्हणतात. जखमी माणसाला किंवा मयताच्या घरच्यांना कंपनीने आधी पूर्ण रक्कम द्यायची, आणि मग ती मालकाकडून वसूल करायची. त्या वसुलीसाठी कंपनीला वेगळा दावाही लावावा लागत नाही, त्याच निवाड्याच्या अंमलबजावणीत ती तुझ्या मागे येते. जखमीला पैसे मिळतात हे खरं. म्हणूनच बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की विम्याने भागवलं. वसुलीची नोटीस दोन-तीन वर्षांनी घरी येते.

रक्कम किती असते याचा अंदाज लोकांना नसतो, म्हणून एक हिशेब करून दाखवते. समजा, 32 वर्षांचा माणूस गेला. स्वतःचं छोटं काम, महिना 20,000 मिळकत. मागे बायको, दोन मुलं आणि आई. पुढे मिळकत वाढली असती म्हणून 40 टक्के धरतात, झाले 28,000. चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले 21,000. वर्षाचे 2,52,000. त्या वयाला गुणक 16. झाले 40,32,000. अंत्यविधी, सहवास वगैरेची ठरलेली रक्कम यात धरलेली नाही, आणि दावा दाखल झाल्यापासूनचं व्याजही नाही.

हा काही मोठ्या पगाराचा माणूस नव्हता. तरी घर विकायची वेळ येऊ शकते.

वाटसरू:
भावाला आत्ताच फोन केला. त्याच्या निकालात वसुलीची मुभा दिलेली नव्हती, त्याने ड्रायव्हरची चाचणी घेतल्याचं शपथेवर सांगितलं होतं आणि ते मान्य झालं. मी ते सगळ्यांना लागू असल्यासारखं लिहिलं, ते चुकलं. पण एक शंका राहतेच. केतकींचे काका वीस वर्षं गाडी चालवताहेत. लायसन संपलं म्हणून त्यांचं कसब एका रात्रीत गेलं का? अपघात लायसन संपल्यामुळे होत नाही, मग त्याचा बोजा मालकावर का?

दाव्याची_फाईल:
हा युक्तिवाद आम्हीही करतो. स्वर्णसिंगमध्ये त्याला जागा आहे, तो नियमभंग अपघाताला कारणीभूत ठरण्याइतका मूलभूत होता का, असं तिथे विचारलेलं आहे. काही न्यायाधिकरणं तो मानतात, काही मानत नाहीत. बेलीरामनंतर संपलेल्या लायसनच्या प्रकरणात तो चालवणं अवघड झालंय, एवढं मी अनुभवाने सांगेन. त्याच्या भरवशावर उद्या कुणी गाडी बाहेर काढू नये.

पूर्वी लायसन संपल्यावर तीस दिवस ते वैध धरलं जायचं. 2019 च्या दुरुस्तीत ती सवलत गेली. आता संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून माणूस विनालायसन. आणि मालकाने जाणूनबुजून अशाला गाडी दिली तर कलम 180 खाली मालकावर वेगळा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही. केतकी, कालपर्यंत तुला माहीत नव्हतं. आजपासून आहे. हा फरक मोठा आहे.

अनुराधा_म:
केतकी, तू पोलीस पडताळणी केली नव्हतीस का? आम्ही ड्रायव्हर ठेवताना पोलीस स्टेशनला फॉर्म भरला, फोटो आणि आधार दिलं, महिन्याभरात दाखला आला. पोलिसांनीच तपासलंय म्हटल्यावर लायसन वगैरे सगळं त्यात आलंच. त्यानंतर आम्ही निर्धास्त आहोत.

दाव्याची_फाईल:
अनुराधाताई, तो दाखला जरूर घ्यावा, पण त्याचा विषय वेगळा. त्या माणसावर गुन्हे नोंद आहेत का आणि तो दिलेल्या पत्त्यावर राहतो का, एवढंच त्यातून कळतं. लायसन कुठल्या वर्गाचं, कधीपर्यंतचं, निलंबित आहे का, हे त्यात नसतं. विमा कंपनीच्या वकिलासमोर तो दाखला ठेवला तर तो म्हणेल, छान, पण लायसन कुठे बघितलंत?

अनुराधा_म:
खरंच सांगते, मी इतकी वर्षं उलटंच समजत होते. आत्ता उठून ड्रायव्हरदादांना फोन करते.

कोरा_कागद:
मी आमच्या सोसायटीतल्या सात-आठ घरांची लायसनं तपासून दिली आहेत, म्हणून तो भाग लिहितो. वकीलताई म्हणतात की आरटीओला पत्र पाठवायची अपेक्षा नाही. बरोबर आहे, पण हे निवाडे ज्या अपघातांवर आहेत ते ऑनलाइन सोय येण्याआधीचे. आज parivahan.gov.in वर `Know Your Licence Details` मध्ये लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकली की दोन मिनिटांत सगळं समोर येतं. लायसन चालू आहे का, कुठल्या वर्गाचं आहे, कधीपासून कधीपर्यंत.

तिथे तारखांच्या दोन ओळी असतात, `Non-Transport` आणि `Transport`, आणि इथे लोक हमखास गोंधळतात. आमच्या एका शेजाऱ्यांनी `Transport` ची तारीख 2022 मध्ये संपलेली बघून ड्रायव्हरला कामावरून काढायची तयारी केली होती. तो माणूस पूर्वी टॅक्सी चालवायचा, नंतर त्याने ते नूतनीकरण केलं नाही, एवढंच. `Non-Transport` ची तारीख 2031 पर्यंत होती आणि घरच्या गाडीला तीच लागते. मी वेळेवर गेलो म्हणून एका चांगल्या माणसाची नोकरी वाचली.

दुसरा अनुभव उलटा. एका घरी ड्रायव्हरने कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेला. कार्ड अगदी व्यवस्थित दिसत होतं. नंबर टाकला तर नोंद सापडली, चालूही होती. मालक म्हणाले, झालं काम. पण वर्ग बघितला तर फक्त दुचाकीचा, आणि फोटोतल्या कार्डावर मात्र दुचाकी आणि चारचाकी दोन्ही. फोटो मोठा करून बघितल्यावर कळलं, चारचाकीची ओळ बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड होती आणि तिच्यापुढे दिनांकच नव्हता. म्हणून नुसती 'नोंद सापडली' यावर थांबायचं नाही. पडद्यावरची एकेक ओळ कार्डाशी ताडून बघायची.

आणि फोटोवर विसंबायचंच नाही. मी आता ड्रायव्हरलाच सांगतो, दादा, तुमच्या मोबाइलवर डिजिलॉकर उघडून लायसन दाखवा. ते त्यांच्या स्वतःच्या खात्यातून येतं, त्यामुळे दुसऱ्याच्या लायसनचा नंबर खपवायला जागा राहत नाही.

जुनं_स्टिअरिंग:
बॅजची माहिती जुनी होती हे मान्य. पण एक सांगा, माझ्याकडे येणाऱ्या ड्रायव्हरचं लायसन जुन्या पुस्तकातलं आहे, कार्ड नाही. नंबर टाकला तर 'नोंद नाही' असं येतं. याचा अर्थ ते खोटं धरायचं?

कोरा_कागद:
तसं लगेच म्हणता येत नाही. जुन्या पुस्तकातल्या बऱ्याच नोंदी संगणकावर चढवायच्या राहून गेल्या आहेत. ज्या आरटीओने दिलं तिथे जाऊन ती चढवून घ्यावी लागते. ड्रायव्हरला बरोबर घेऊन जा, मूळ पुस्तक लागतं.

दाव्याची_फाईल:
इथे थांबून एक सांगते, कारण हा मुद्दा हमखास सुटतो. 2013 च्या पेप्सू खटल्यात न्यायालयाने म्हटलं आहे की मालकाने सुरुवातीला नीट बघितलं असलं तरी, लायसनबद्दल शंका घ्यायला जागा आहे असं नंतर त्याच्या कानावर आलं आणि तरीही त्याने खातरजमा केली नाही, तर जबाबदारी त्याच्यावर येते. 'नोंद नाही' हा संदेश बघितल्यावर तुम्हाला ती शंका कळलेली आहे. आता नोंद चढेपर्यंत किंवा आरटीओकडून उतारा मिळेपर्यंत त्यांना गाडी देऊ नका.

रानजाई:
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. आम्ही ड्रायव्हर एजन्सीकडून घेतो. महिन्याला एजन्सीला पैसे, एजन्सी ड्रायव्हरला पगार देते. मागच्या वर्षी आमचा नेहमीचा माणूस आजारी पडला, एजन्सीने बदली पाठवला. सकाळी सात वाजता दारात उभा. सासूबाईंना विमानतळावर सोडायचं होतं, मी किल्ली दिली. त्याचं नावही मी संध्याकाळी विचारलं. परतताना त्याने सिग्नलला एका स्कूटरवाल्या मुलाला धडक दिली. मुलाचा पाय मोडला, तीन महिने घरी होता. बदली ड्रायव्हरकडे फक्त शिकाऊ लायसन होतं.

एजन्सी म्हणते, गाडी तुमची, किल्ली तुम्ही दिली. आम्ही म्हणतो, माणूस तुमचा, पडताळणी करून पाठवतो असं तुम्हीच लिहून दिलंय. दावा चालू आहे. मला त्या मुलाची आई कोर्टाच्या आवारात दिसते तेव्हा डोळे वर करवत नाहीत. मी दोन मिनिटं थांबून लायसन मागितलं असतं तर तो माणूस त्या दिवशी गाडीत बसला नसता.

दाव्याची_फाईल:
रानजाई, तुमचा दावा चालू आहे म्हणून इथे निकालावर बोलत नाही. सर्वसाधारण एवढंच, की जखमी माणसासमोर नोंदणीकृत मालक हा मालकच असतो. एजन्सीशी केलेला करार तुमच्यात आणि एजन्सीत. एजन्सीकडून वसूल करता येईल का, ते त्या कराराच्या शब्दांवर आणि पुराव्यावर ठरतं. तुमच्या वकिलांना एजन्सीची जाहिरात, पावत्या आणि बदली पाठवल्याचा त्या दिवशीचा मेसेज हे सगळं आत्ताच द्या. फोन बदलला की मेसेज जातात.

वाटसरू:
मला वाटतं एजन्सीवाले पूर्ण जबाबदार धरले पाहिजेत. सामान्य माणूस पैसे मोजतो ते याचसाठी ना?

कोरा_कागद:
वाटायला हवं तसंच वाटतंय, पण माझ्या ओळखीच्या दोन एजन्सींच्या करारात बारीक अक्षरात लिहिलंय की लायसन तपासण्याची अंतिम जबाबदारी ग्राहकाची. सही करण्याआधी ते वाचा. ते कोर्टात टिकतं का नाही यावर वकिलांमध्येही एकमत नाही.

केतकी:
वकीलताई, अजून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. काकांना स्वतःला काही झालं असतं तर? आणि आता काकांनी नूतनीकरण केलं की मधले सात महिने भरून निघतात का?

दाव्याची_फाईल:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. आता ते नूतनीकरणाच्या तारखेपासून धरलं जातं. मधला काळ रिकामाच राहतो. संपून एक वर्ष व्हायच्या आत अर्ज केला तर पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही, वर्ष उलटलं तर द्यावी लागते. तुझ्याकडे अजून पाच महिने आहेत, पण उद्याच करा.

काकांच्या स्वतःच्या इजेचं. पॉलिसीत 15 लाखांचं जे सक्तीचं अपघात संरक्षण दिसतं ते मालक स्वतः चालवत असेल तर मालकाला. काका त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी 'पगारी चालकाप्रति कायदेशीर दायित्व' अशी वेगळी ओळ असते, वर्षाला 50 रुपये हप्ता. तुझी पॉलिसी नूतनीकरणाला आलीच आहे, ती ओळ आहे का बघ आणि नसेल तर घालून घे. पण बेलीराममध्येही जखमी ड्रायव्हरच होता, हे लक्षात ठेव. लायसन संपलेलं असेल तर त्या ओळीचाही आधार निसटू शकतो. काकांच्या कुटुंबासाठी तरी ही तारीख महत्त्वाची आहे.

अनुराधा_म:
आमच्या दादांचं लायसन 2029 पर्यंत आहे. डिजिलॉकर त्यांच्याकडे नव्हतं, माझ्या मुलाने त्यांना बसवून दिलं. त्यांना आधी वाटलं मी संशय घेतेय. मी म्हटलं, दादा, उद्या काही झालं तर आपण दोघंही रस्त्यावर येऊ, म्हणून बघतेय. मग ते स्वतःच म्हणाले, माझ्या भावाचंही बघून द्या, तो दुसरीकडे कामाला आहे.

ताई, चाचणी घेतल्याचा पुरावा कसा ठेवायचा? आम्ही तर नुसतं एक चक्कर मारून बघितलं होतं.

दाव्याची_फाईल:
चक्कर मारली हेच चांगलं केलंत. पुरावा म्हणजे फार मोठं काही नको. एका कागदावर तारीख, कुठून कुठे नेलं, किती वेळ, चढावर आणि गर्दीत कशी चालवली, रात्री चालवून बघितली का, आणि खाली दोघांच्या सह्या. त्याच दिवशी पोर्टलच्या पडद्याचा फोटो काढून स्वतःला मेल करा, म्हणजे तारीख आपोआप राहते. माझ्या एका अशिलाने ड्रायव्हर ठेवल्याच्या दिवशी डायरीत चार ओळी लिहिल्या होत्या, 'घाटात गिअर बरोबर टाकतो, मागे घेताना आरशात बघतो' अशा. सात वर्षांनी साक्ष देताना त्याच्या हातात तीच डायरी होती आणि उलटतपासणीत त्याला कुणी हलवू शकलं नाही.

आणि लायसन संपण्याची तारीख मोबाइलमध्ये टाका, दोन महिने आधीची आठवण लावून. दर वर्षी गाडीचा विमा भराल त्या दिवशी पोर्टलवर पुन्हा एकदा बघा. मधल्या काळात निलंबित झालं असेल तर ते कार्डावर दिसत नाही, पोर्टलवर दिसतं.

जुनं_स्टिअरिंग:
आमच्या ड्रायव्हरला आज आरटीओला नेलं. पुस्तकातल्या नोंदीशी त्यांचं रजिस्टर जुळलं, संगणकावर चढवतो म्हणाले, आठवडा लागेल. तोवर गाडी मीच चालवणार, हळूहळू. त्याचा पगार चालू ठेवलाय, कारण यात त्याची काही चूक नाही.

केतकी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आजची हकिकत लिहिते.

काल संध्याकाळी काकांना बसवून सगळं समजावलं. ते गप्प ऐकत होते, मग म्हणाले, "ताई, माझ्यामुळे तुमचं घर गेलं असतं." मी म्हटलं, तारीख माझ्याही फाईलमध्ये होती. त्यांच्या मोबाइलवर अर्ज भरला. चाळीसच्या वर वय असल्यामुळे डॉक्टरांचं प्रमाणपत्र, `Form 1A`, लागलं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी डोळे तपासले तर डाव्या डोळ्याचा नंबर बराच वाढलेला निघाला. काका म्हणाले, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसायचे, पण कुणाला बोललो नाही. चष्मा करायला टाकलाय. वाटसरू, तुम्ही विचारलं होतं ना की लायसन संपलं म्हणून कसब जातं का. कसब गेलं नव्हतं, पण डोळे गेले असते आणि आम्हाला कळलंही नसतं.

नवीन लायसन हातात येईपर्यंत त्यांचा पगार चालू राहील, गाडी ते चालवणार नाहीत. बाबांना न्यायला माझा मावसभाऊ येतो, त्याचं लायसन मी दारातच मागितलं, डिजिलॉकरमधून. तो जरा चकित झाला.

विम्याच्या माणसाला ती 50 रुपयांची ओळ विचारली. माझ्या जुन्या पॉलिसीत ती नव्हती. नव्या पॉलिसीत टाकायला सांगितली आहे.

एक प्रश्न राहिलाच, ताई. या सात महिन्यांत काही झालंच असेल, म्हणजे कुठे घासलं वगैरे आणि समोरच्याने नंतर दावा केला, तर मी काय करायचं?

दाव्याची_फाईल:
अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल व्हावा अशी आता कायद्यात मर्यादा आहे. तिच्यावर वरच्या कोर्टांत वाद चालू आहेत, त्यामुळे तिच्यावर पूर्ण विसंबू नकोस. काकांना शांतपणे विचार, या महिन्यांत कुठे कुणाला धक्का लागला होता का, अगदी किरकोळ सुद्धा. असेल तर तारीख आणि जागा लिहून ठेव आणि मला व्यक्तिगत निरोप कर. इथे लिहू नकोस.